वासरांच्या खोपटाविषयी

खानापूर तालुका
जुलै

प्रिय सुभाष,

तुझं पत्र मिळालं. दूध तोडून तीन आठवडे झाले आणि वासरं शेणातून रक्त टाकतायत, शेपटी लडबडलेली, कुंथतायत, हे वाचून मला तरी कॉक्सिडियाचाच संशय येतो. पण डॉक्टरांकडून शेण तपासून घेच. हा जंतू पोटात गेल्यापासून रक्त दिसेपर्यंत साधारण अडीच-तीन आठवडे जातात. म्हणजे लागण झाली ती नवी वासरं थोरल्या कालवडींत सोडलीस त्या सुमारास. थोरल्या दिसायला ठणठणीत असतात, पण त्यांच्या शेणातून ह्या जंतूची अंडी पडत राहतात. त्यात तू एकाच आठवड्यात दूध तोडलंस, शिंगं डागलीस आणि जागाही बदललीस. एवढा ताण कोवळ्या जिवाला सोसत नाही रे.

आता तू लिहिलंस त्या फिनेलचं. वास छान येतो, पण ह्या अंड्यांना त्याचं काही वाटत नाही, चुन्याचंही फारसं नाही. त्यांचं वैर कोरडेपणाशी आणि उन्हाशी. शेणात पडलेलं अंडं लगेच बाधत नाही. ओल आणि ऊब मिळाली की काही दिवसांत ते पिकतं, मगच रोग देतं. म्हणून शेण रोज उचलायचं, पिकायला वेळच द्यायचा नाही. आपल्याकडच्या पावसात फरशी धुण्यापेक्षा खरवडून कोरडी ठेवलेली बरी. वर उसाचं पाचट जाड अंथर. त्यावर गुडघे टेकून बघ, लुंगी ओली झाली तर पाचट बदलायची वेळ झाली. तसाच खाली बसून वासराच्या नाकाच्या उंचीवर श्वास घे. मुताची झळ डोळ्यांना लागली, तर तू ताडपत्री चारी बाजूंनी गच्च बांधली आहेस. वरून वारा खेळू दे, नाहीतर पुढे खोकला आहेच.

पुढच्या वेळी दूध तोडल्यावर आठ-दहा दिवस वासरं त्याच जागी राहू दे. मग एका वयाची चार-पाच मिळून एक कप्पा कर, आणि तो रिकामा होईपर्यंत त्यात नवं वासरू घालू नकोस. नुकतं दूध तोडलेली वासरं एकमेकांचे कान, अंग चोखतात, शेणाने माखलेले केस तोंडात जातात, त्यामुळे गर्दी नकोच. गव्हाण आणि पाण्याची बादली अशा उंचीला बांध की त्यात पाय किंवा शेण जाणार नाही. भुईवर पेंड टाकणं आधी बंद कर.

एवढं करूनही गोठा निर्जंतुक होणार नाही, आणि तसा व्हायलाही नको. थोडी अंडी पोटात गेली की वासरू स्वतःची ताकद कमावतं. फक्त एकदम मोठा डोस जाऊ नये.

सध्या आजारी वासरं वेगळी काढ, पाणी-क्षार चालू ठेव. रक्त दिसतं तोवर आतड्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं, म्हणून बरोबरच्या धडधाकट दिसणाऱ्यांनाही औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचार. औषधाचा डोस वजनावर असतो, शेजाऱ्याच्या बाटलीवर नको.

शेणाचा रिपोर्ट आला की फोन कर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विठ्ठल