शिवणीतली माया

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्नाचा ब्लाउज पुढच्याच आठवड्यात शिवून घेऊन कपाटात ठेवावा म्हणजे एक काम हातावेगळे होईल, असे तू काल म्हणालीस. लग्नाला अजून 12 आठवडे आहेत आणि तुझे वजन कमी करणेही चालू आहे. म्हणून कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी हे पत्र नीट वाच.

माझ्या लग्नाचा ब्लाउज दोन महिने आधीच पूर्ण शिवून झाला होता. मापे दिली तेव्हा मी नुकतीच तापातून उठले होते आणि बरीच वाळले होते. पुढे तब्येत सुधारली. लग्नाच्या चार दिवस आधी अंगात घातला, तर हूक आणि आकडा यांच्यात दीड इंचाचे अंतर राहिले. उसवून वाढवावा म्हणून आईने तो उलटा केला, तेव्हा शिवणीबाहेर जेमतेम पाव इंच कापड उरलेले दिसले, कारण इंटरलॉक करताना मशीनच्या पात्याने बाकीची माया कापून टाकली होती. शेवटी दोन्ही काखांखाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडावी लागली आणि दिवसभर मी हात अंगाशी धरून वावरले.

म्हणून कापड बेतण्यापूर्वीच शिंप्यांना सांग की बाजूच्या शिवणीत प्रत्येक थराला एक इंच माया हवी आणि इंटरलॉक मायेच्या अगदी कडेला करायचे, शिवणीला लागून नाही. दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला पुढचा व मागचा भाग, असे चार थर होतात. शिवण टिकण्यापुरता पाव इंच सोडला तरी प्रत्येक थरातून पाऊण इंच, म्हणजे एकूण तीन इंच वाढवता येतात. मात्र अस्तरात आणि बाहीच्या खालच्या शिवणीतही तेवढीच माया हवी. अंग वाढवले की मुंढा मोठा होतो, आणि बाहीत माया नसेल तर ती त्या मुंढ्याला पुरत नाही. ही गोष्ट पुष्कळदा राहून जाते. भरतकाम करून घेणार असशील तर तेही बाजूच्या शिवणीच्या अलीकडेच थांबवायला सांग, म्हणजे उसवताना मणी आणि जर तुटणार नाहीत.

मापे आजच्या अंगाची दे. वजन कमी होणारच आहे म्हणून आधीच घट्ट शिवण्याचा मोह मुळीच नको. आज तुझी छाती 36 इंच आहे. ती साडेचौतीसवर आली, तर प्रत्येक थरात तीन सूत आत घेतले की काम होते. दोन इंचांहून अधिक उतरली तर नुसत्या बाजू दाबून भागत नाही, कारण टक्स आपल्या जागेवरून सरकतात आणि मुंढा आवळतो. मग ब्लाउज पुष्कळसा उसवून टक्स नव्याने घालावे लागतात आणि त्याला वेळ हवा.

आता वेळेचे सांगते. कापड लग्नाच्या आठ आठवडे आधी बेतू दे. पहिली ट्रायल सहा आठवडे आधी घे, तीही कच्च्या टाक्यावर. रेशमी कापड उसवले की सुईची भोके दिसत राहतात, त्यामुळे बाजूची पक्की शिलाई जितकी उशिरा पडेल तितके चांगले. दुसरी ट्रायल तीन आठवडे आधी, आणि वजन कमी करणे तिथेच थांबव. पुढे ते फक्त राखायचे. शेवटची ट्रायल दहा दिवस आधी झाली की बाजू पक्क्या करू देत. हातशिलाई आणि हूक त्यानंतर, आणि ब्लाउज पाच दिवस आधी घरी.

प्रत्येक ट्रायलला त्या दिवशी घालणार आहेस तेच अंतर्वस्त्र घाल. पाळीच्या आधी अंग फुगते, ते दिवस शक्यतो टाळ. नुसते आरशासमोर उभे राहून समाधान मानू नकोस. खाली बस, दोन्ही हात वर उचल, खोल श्वास घे. हुकांपासून दोन्हीकडे आडव्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर ब्लाउज घट्ट आहे, आणि काखेखाली उभी घडी पडली तर सैल.

मधल्या आठवड्यांत वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेव. दर रविवारी सकाळी छाती, छातीखाली आणि कंबर मोजून लिहून ठेव. अर्ध्या इंचाच्या फरकाने काही बिघडत नाही. एक इंच इकडेतिकडे झाला, तर पुढच्या ट्रायलची वाट न पाहता शिंप्यांना त्याच दिवशी फोन कर.

शनिवारी मी येते आहे. मापे देताना टेप मी धरीन.

तुझी,
आई