खालच्या मजल्याचा निरोप

प्रिय बंड्या,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. खालच्या मजल्यावरची मंडळी अखेर निघाली. रविवारी निरोप आहे आणि घरमालक म्हणून चार शब्द मला बोलायचेत. तू हसशील. हस.

खरी गोम पैशात आहे. अनामत परत केलेली नसेल, तर प्रत्येक गोड वाक्यावर ऐकणारा मनात हिशेब करत बसतो. म्हणून मीटरचं रीडिंग, चाव्या, भिंतींची पाहणी आणि रकमेचा चुकारा आदल्या दिवशीच उरकायचा. रंग उडाला, बिजागरी सैल झाली, ही वापरातली झीज. तिचे पैसे कापायचे नाहीत. फुटलेलं बेसिन वेगळं. भाषणात मात्र यातलं अक्षरही नको. ‘भाडं कधी थकलं नाही’ हेसुद्धा नको. कौतुक म्हणून म्हणावं, तर चार पाहुण्यांसमोर पावती फाडल्यासारखं वाटतं.

त्याऐवजी घरातल्या प्रत्येकासाठी एकेकच, पण नेमकी गोष्ट. ‘फार मनमिळाऊ कुटुंब’ हे कुणालाही चालतं. ‘मोटर अडकून घुमायला लागली की आम्ही जिना उतरायच्या आत तुम्ही मेन स्विच पाडलेला असायचा’ हे त्यांनाच लागू पडतं. वहिनींसाठी गच्चीची किल्ली, थोरल्यासाठी फ्यूज बदलणं. धाकटी इथेच जन्मली. तिचं नाव घेताना गळा भरून येणार हे नक्की, म्हणून ते शेवटी न ठेवता मधे घ्यायचं आणि लगेच एक हलकं वाक्य जोडायचं, म्हणजे आवाज सावरायला वेळ मिळतो. मुलांचे नापास विषय, मोठ्यांच्या नोकरीतलं ते वाईट वर्ष, दवाखाने, सगळं वर्ज्य. शंका वाटली तर आधी विचारून घ्यायचं.

आणि ‘हे घर कायम तुमचंच’ हे तर अजिबात म्हणायचं नाही. पुढच्या महिन्यात तिथे दुसरं कुणी राहणार. पाळता येईल तेवढंच बोलावं: तुमच्या नावाने येणारी पत्रं बाजूला ठेवून फोन करीन.

लांबी तीन मिनिटं. सावकाश बोललं तर साधारण तीनशे शब्द, एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत. पातळ कागद हातात थरथरतो आणि माइकजवळ खडखडतो. आभारांची यादी नको. तू स्नेहसंमेलनात बाकी सगळ्यांची नावं घेऊन अध्यक्षांनाच विसरला होतास. (कॅरमची ती राणी अजूनही माझीच, वाद नको.)

मसुदा सोबत आहे. जिथे मी उपदेश करायला लागलोय तिथे लाल रेघ मार आणि शनिवारच्या आत पाठव. मोटरच्या वाक्याला हात लावू नकोस.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, आणि लेकीचा निकाल लागला की कळव.

तुझाच,
नाना