विषय : सामायिक वीजबिलाची चुकीची नोंद आणि लिफ्टबंदीची सूचना

मा. अध्यक्ष, सप्रेम नमस्कार.

याच विषयावर हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, आणि खजिनदार साहेब जिन्यात भेटले की "बघतो" एवढंच म्हणतात. आता 'वीजवापर 40 टक्क्यांनी वाढला' म्हणून दुपारी लिफ्ट बंद ठेवण्याची सूचना फलकावर लागली आहे. पाचव्या मजल्यावरच्यांमुळे वापर वाढतो, असंही बोललं गेलं. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे हे मला मुकाट्याने सोसता येणार नाही.

उपविधींनुसार सभासदाला हिशेब पाहता येतो, म्हणून मी वही आणि दोन्ही बिलं समोर ठेवून पाहिली. वहीत फक्त महिना आणि रक्कम आहे. बिलात मात्र सगळं दिलेलं आहे. आधीचं बिल 4 एप्रिल ते 4 मे, म्हणजे 30 दिवसांचं. रीडिंग 18,240 वरून 18,840, म्हणजे 600 युनिट. नंतरचं 4 मे ते 15 जून, 42 दिवसांचं. रीडिंग 18,840 वरून 19,680, म्हणजे 840 युनिट. दिवसांनी भागलं तर दोन्हीकडे रोजचे 20 युनिटच येतात. रीडिंग घ्यायला माणूस उशिरा आला, एवढंच घडलं. दुसऱ्या बिलातलं मागील रीडिंग पहिल्याच्या चालू रीडिंगशी जुळतं, आणि रीडिंगच्या जागी कुठेही 'सरासरी' छापलेलं नाही. तसं असतं तर ते युनिट अंदाजाचे धरून खऱ्या रीडिंगची वाट पाहावी लागली असती.

रकमेचा घोळ तर याहून मोठा आहे. आधीचं बिल आपण 18 जूनला भरलं, तोवर पुढचं छापून झालं होतं. त्यामुळे त्याच्या 'एकूण देय' रकमेत जुनं बिल थकबाकी म्हणून आलं. वहीत मात्र जुनं बिलही लिहिलं आहे आणि ही एकूण रक्कमही. एकच बिल खर्चात दोनदा! बजेटसाठी 'चालू बिल' घ्यायचं असतं. 'एकूण देय' हा आकडा पैसे भरताना बघायचा.

टाकी धुण्याच्या खर्चाच्या वेळीही मी हेच सांगितलं होतं, तेव्हा मला 'खुसपट काढणारी' ठरवलं गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या तिन्ही घरांना माझं म्हणणं पटलं आहे. सही करायला ते संकोचतात, एवढंच.

माझ्या मागण्या साध्या आहेत. लिफ्टची सूचना आजच काढावी. वहीत रकमेशेजारी कालावधीच्या दोन्ही तारखा, दोन्ही रीडिंग, युनिट, चालू बिल, थकबाकी आणि देय तारीख लिहावी. वापर वाढला म्हणण्याआधी रोजचे युनिट काढून गेल्या वर्षीच्या याच महिन्यांशी ताडून पाहावेत, कारण उन्हाळ्यात पंप जास्त चालतो. खजिनदारांना वेळ नसेल तर वही माझ्याकडे द्यावी, मी रविवारी बसून दुरुस्त करून देते. आणि पाचव्या मजल्याबद्दल जे बोललं गेलं, ते पुढच्या सभेत मागे घेतलं जावं.

आपली,
एक सभासद, पाचवा मजला