दोन्ही गटांचा निकाल वाढला, तरी शाळेचा निकाल घसरला: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरीच्या बाजूला, एका माध्यमिक शाळेत दहावीला गणित शिकवते. यंदा निकालानंतर आमच्या शाळेला नोटीस आली. निकाल ७९.५ टक्क्यांवरून ७७.५ टक्क्यांवर का आला, याचा सात दिवसांत खुलासा करा, असे तीत लिहिले होते. खुलासा लिहिण्यासाठी मी दोन्ही वर्षांची निकालपत्रके घेऊन बसले आणि थक्क झाले. आमच्याकडून दोन प्रकारची मुले परीक्षेला बसतात. त्या दोन्हींचा निकाल यंदा वाढला होता.

शाळा ओळखू येऊ नये आणि हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल करून सांगते. गेल्या वर्षी नियमित मुले १८० बसली, १५३ पास झाली, म्हणजे ८५ टक्के. पुनर्परीक्षार्थी आणि १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसलेली मिळून २० होती, त्यांतली ६ पास झाली, म्हणजे ३० टक्के. यंदा नियमित पुन्हा १८० होती, त्यांतली १६२ पास, ९० टक्के. दुसऱ्या गटात मात्र ६० मुले होती आणि २४ पास झाली, ४० टक्के. एका गटाचा निकाल पाच टक्क्यांनी वाढला, दुसऱ्याचा दहा टक्क्यांनी. आता बेरीज करा. गेल्या वर्षी २०० पैकी १५९, यंदा २४० पैकी १८६. पास झालेली मुले २७ ने वाढली, आणि टक्का दोनने उतरला.

यात कुठेही चूक नाही. शाळेचा एकूण टक्का म्हणजे दोन गटांच्या टक्क्यांची साधी सरासरी नव्हे. ज्या गटात जितकी मुले, तितके त्या गटाचे वजन. गेल्या वर्षी दुसऱ्या गटाचे वजन दहात एक होते, यंदा चारात एक झाले. ४० टक्के हा ३० पेक्षा चांगला निकाल आहे, पण ९० पेक्षा फार खालचा आहे, आणि तो आता जास्त जोराने सरासरीला खाली ओढतो. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्याआधी १९०३ मध्ये उडनी यूल यांनीही असाच प्रकार दाखवला होता.

वजन का बदलले तेही सांगते. आमच्याकडे दहावीत एकदा नापास झालेले पोर बहुतेक वेळा द्राक्षबागेत जाते. छाटणीला जाते, मग खुड्याला, आणि पुन्हा वर्गाकडे फिरकत नाही. सुरगाणा-पेठकडून मजुरीला आलेल्या कुटुंबांत तर असे फार होते. गेल्या वर्षी आम्ही काही शिक्षक संध्याकाळी बागांवर गेलो, आईबापांशी बोललो, फॉर्म भरून घेतले, रात्री साडेसातनंतर वर्ग घेतला. वीसची साठ झाली ती अशी. त्यांतली २४ पास झाली आणि शाळेला नोटीस मिळाली.

मग या दोन वर्षांची तुलना करायची कशी? दोन्ही वर्षांसाठी मुलांचे प्रमाण एकच धरायचे. गेल्या वर्षीचे प्रमाण घेऊ: ९० टक्के नियमित, १० टक्के इतर. त्यात यंदाचे निकाल बसवले, तर ९० चे नव्वद टक्के ८१ आणि ४० चे दहा टक्के ४, एकूण ८५ येतात. म्हणजे मुलांचे मिश्रण बदलले नसते तर शाळेचा निकाल ७९.५ वरून ८५ झाला असता, साडेपाचने वर. मिश्रण बदलल्यामुळे तो ८५ वरून ७७.५ वर आला, साडेसातने खाली. नोटीसमधली दोनची घट म्हणजे या दोन गोष्टींची वजाबाकी आहे. वेगवेगळ्या वयोरचनेच्या प्रदेशांचे मृत्युदर याच रीतीने तुलनेला आणतात. गेल्या वर्षीऐवजी यंदाचे प्रमाण धरले, तर साडेपाचच्या जागी सव्वासहा येतात. आकडा थोडा हलतो, पण दोन्ही गट सुधारलेले असताना उत्तर घटीचे येऊच शकत नाही, मग प्रमाण कोणतेही धरा.

मंत्रिमहोदय, गटवार आकडे पाहिले की सगळे उजेडात येते, असे मी म्हणणार नाही. त्यातही फसगत आहे आणि ती आम्हा शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. नववीतले कच्चे मूल नियमितमधून काढून १७ नंबरला बसवले, तर काय होते पाहा. ते नियमित मुलांत सर्वांत कच्चे होते, म्हणून तो गट वर जातो. पण नव्या गटाच्या मानाने ते बरे असते, म्हणून तो गटही वर जातो. कोणी एक अक्षर जास्त शिकलेले नसते आणि दोन्ही टक्के वाढतात. हे ओळखायची खूण साधी आहे: नियमित मुलांची संख्या आदल्या वर्षीच्या नववीच्या पटाशी ताडून पाहावी. पट १८० आणि दहावीला नियमित १५० असतील, तर उरलेली तीस मुले कुठे गेली ते शाळेला विचारावे. आमच्याकडे दोन्ही वर्षी नववीच्या पटावर आणि दहावीला नियमित १८० च होती, म्हणून वाढ खरी आहे असे मी म्हणू शकते. गट कोणते करायचे हेही निकालाआधी ठरलेले असावे. निकाल हाती आल्यावर सोयीचे गट पाडत बसले, तर हवे ते दाखवता येते.

राज्य मंडळ निकालाच्या दिवशी नियमित, पुनर्परीक्षार्थी आणि खासगी विद्यार्थ्यांचे आकडे वेगवेगळे जाहीर करते. नववीचा पटही शासनाकडे नोंदलेला असतो. म्हणजे नवीन काही गोळा करायचे नाही. शाळांचा आढावा घेण्याच्या तक्त्यात एकूण टक्क्याच्या एका रकान्याशेजारी प्रत्येक गटात किती बसले, किती पास झाले आणि आदल्या वर्षी नववीत किती होते, हे लिहायला लावा. एकूण टक्का घसरला आणि दोन्ही गट वाढले असतील, तर नोटीस काढण्याआधी अधिकाऱ्याने स्थिर प्रमाणाचा तो एक हिशेब करावा. त्याला पाच मिनिटे लागतात. हेच चार जिल्ह्यांच्या नाशिक विभागालाही लागू आहे: नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चारही जिल्ह्यांचा निकाल वाढून विभागाचा घसरू शकतो, कमी निकालाच्या जिल्ह्यातून जास्त मुले बसली की झाले.

हे पत्र लिहायला मला भाग पाडले ते आमच्या शिक्षकसभेतल्या एका वाक्याने. नोटीस वाचून झाल्यावर एक सहकारी म्हणाले, "पुढच्या वर्षी बाहेरची मुले घेऊच नका, निकाल आपोआप नव्वद होईल." त्यांचा हिशेब बरोबर आहे. साठ मुलांना दार बंद केले, तर १८० पैकी १६२ हाच शाळेचा निकाल ठरतो आणि नोटीसऐवजी अभिनंदनाचे पत्र येते. त्या साठांतली ३६ मुले यंदा नापास झाली आहेत, त्यांना मी पुन्हा बसवणार आहे. त्यांचे फॉर्म भरायची वेळ येण्याआधी आढाव्याचा तक्ता बदलावा, एवढीच विनंती.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका
जि. नाशिक