इंडक्शनचा हिशेब वरच्या स्लॅबने करा

गॅस आणि इंडक्शनची तुलना करताना अनेकजण विजेचा सरासरी दर धरतात आणि तिथेच गणित चुकते. 14.2 किलो गॅसमध्ये सुमारे 180 युनिट विजेइतकी उष्णता असते, पण घरच्या शेगडीवर त्यातली जेमतेम 60 टक्के भांड्याला लागते. इंडक्शनवर 85 टक्के लागते, त्यामुळे तेवढ्याच स्वयंपाकाला साधारण 127 युनिट पुरतात. समजा, 900 रुपयांच्या सिलिंडरवर 60 वेळचा स्वयंपाक होतो. म्हणजे एका वेळेला गॅस 15 रुपयांचा, नाहीतर वीज 2.1 युनिट. युनिट 7 रुपयांच्या आत असेल, तरच इंडक्शन स्वस्त. मात्र घरचा वापर आधीच महिना 100 युनिटांवर असेल, तर ही जादा वीज वरच्या स्लॅबच्या दराने पडते. तो 12 रुपये धरला, तर तेच जेवण 25 रुपयांना!

– एक वाचक, पुणे