पीएफ काढायचा की राहू द्यायचा

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू घाईत होतास, तुझे बाबाही मध्येमध्ये बोलत होते, त्यामुळे मला सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते आहे. तू विचारलंस, "आई, चाकणला जॉइन व्हायच्या आधी शिरोलीचा पीएफ काढून घेऊ का? डिपॉझिट आणि गाडीचं होऊन जाईल." मी लगेच नाही म्हटलं आणि तू गप्प झालास. नुसतं नाही म्हणणं बरोबर नव्हतं. फौंड्रीच्या टाइम ऑफिसात बसून बावीस वर्षं मी लोकांचे पीएफचे फॉर्म भरले, तेव्हा तुला कारण सांगणं माझं कामच आहे.

तू पासबुकचा फोटो पाठवलास तो मी नीट पाहिला. चार वर्षं दोन महिन्यांत तुझ्या पगारातून कापलेले 1 लाख 9 हजार, कंपनीने घातलेले 46 हजार आणि बाकी व्याज, असे 1 लाख 82 हजार झाले आहेत. कंपनीचे इतके कमी का, असं तुला वाटलं असेल. बेसिक-डीएच्या 12 टक्के तीही भरते, पण त्यातले महिन्याला 1,250 रुपये पेन्शनच्या खात्यात जातात. ते पासबुकात वेगळ्या रकान्यात दिसतात. त्यांचं पुढे सांगते.

आता पहिली गोष्ट. नोकरी बदलली म्हणून पीएफ काढता येतो, असा नियमच नाही. फॉर्म 19 भरून सगळी रक्कम काढायची तर माणूस नोकरीशिवाय बसलेला असावा लागतो. इतकी वर्षं ही मुदत दोन महिन्यांची होती. 2025 च्या ऑक्टोबरात पीएफच्या केंद्रीय मंडळाने ती बारा महिन्यांवर न्यायचा आणि 25 टक्के रक्कम खात्यात ठेवायचाच निर्णय घेतला. तू एक तारखेला शिरोली सोडणार आणि आठवड्याने चाकणला कार्ड पंच करणार. तू बेकार कुठे आहेस? तुझा मित्र म्हणतो की नव्या कंपनीत जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, सांगू नको, नवीन काढून घे आणि जुन्यातले पैसे मोकळे कर. हे अजिबात करू नको. आधार एकाच यूएएनला जोडलेलं असतं. दुसरा नंबर निघाला तर नवे पैसे त्यात अडकतात, आणि जुन्या खात्यावर तू नोकरी नाही म्हणून लिहून दिलेलं खोटं ठरतं. माझ्या टेबलापुढे असे दोन नंबर घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. ते एकत्र करता करता त्यांचे महिने गेले.

दुसरी गोष्ट कराची. सलग पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र होतो. रक्कम 50 हजारांच्या वर असेल तर पॅन असतानाही 10 टक्के टीडीएस आधीच कापतात. तुझ्या रकमेवर ते 18,200 होतील. तुझ्या उत्पन्नावर कर बसत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतील, म्हणून याचा मी बाऊ करत नाही. पण बघ, पाच वर्षांना तुला फक्त दहा महिने कमी आहेत. आणि ही पाच वर्षं एकाच कंपनीतली असावी लागत नाहीत. जुनी रक्कम नव्या खात्यात ट्रान्सफर केली की शिरोलीची चार वर्षं चाकणच्या दहा महिन्यांना जोडली जातात.

आणि आता जे मला खरं सांगायचं आहे ते. तुझ्या खोलीतलं ते हिरवं लोखंडी कपाट आठवतं ना? 2019 च्या पुरात त्याचा खालचा कप्पा गंजला, अजून दार करकरतं. ते माझ्या पहिल्या नोकरीच्या पीएफचं आहे. 1997 साली मी ती नोकरी सोडली आणि फॉर्म भरून 14,000 रुपये घेतले. कपाट आणलं, एक मिक्सर आणला, उरले ते घरात गेले. तेव्हा पीएफला बारा टक्के व्याज होतं, आणि मला कुणी सांगितलं नाही की दुसरी नोकरी लागली की हे पैसे तिकडे नेता येतात. आठ टक्क्यांनी पैसा नऊ वर्षांत दुप्पट होतो. 1997 पासून 27 वर्षं म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. चौदा हजारांचे 1 लाख 12 हजार. आणि हे आठ टक्के मी कमीच धरले, त्या सगळ्या वर्षांत पीएफचा दर आठच्या खाली कधी आला नाही. निवृत्तीच्या दिवशी माझ्या हातात आलेल्या रकमेत ते नव्हते. कपाटाच्या दाराला हात लागला की मला ते आठवतं.

हाच हिशोब तुझ्या 1 लाख 82 हजारांना लाव. तू आता 27 चा आहेस. 36 व्या वर्षी 3 लाख 64 हजार, 45 व्या वर्षी 7 लाख 28 हजार, 54 व्या वर्षी 14 लाख 56 हजार. तेही पुढे तू एक रुपया न घालता, नुसत्या या चार वर्षांच्या पैशांचे. दर दरवर्षी जाहीर होतो, 2023-24 आणि 2024-25 ला तो 8.25 होता, पुढे कमी होऊ शकतो. आणि सत्तावीस वर्षांनी 14 लाखांची किंमत आजच्यासारखी राहणार नाही, हेही मला कळतं. पण शेवटची दुप्पट बघ. 45 ते 54 या नऊ वर्षांत सव्वासात लाखांची भर पडते. आज तू काढतोस ते 1 लाख 82 हजार वाटतात, प्रत्यक्षात तू ती शेवटची भर काढून टाकतोस.

पेन्शनचंही तसंच. महिन्याला 1,250 प्रमाणे तुझे 62 हजारांच्या आसपास तिथे गेले आहेत. फॉर्म 10सी भरून तेवढे हातात येतील, पण मग तुझी चार वर्षांची सेवा पुसली जाते आणि चाकणला मोजणी शून्यापासून सुरू होते. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. तुझी चार झाली आहेत. दहा वर्षांवर मिळणारी पेन्शन मोठी नाही, 15,000 च्या मर्यादेने धरली तर 58 व्या वर्षापासून महिन्याला 2,143 रुपये, पण वर्षं वाढतील तशी ती वाढते. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसेल. घाबरून मला फोन करू नको. तिथे पैसे सरकत नाहीत, सेवेची वर्षं जोडली जातात.

तुझे बाबा म्हणाले, "मग काढू नको, राहू दे तिथंच." तेही मला पटत नाही. जुन्या खात्यावर व्याज चालू राहतं हे खरं, पण ते खातं शिरोलीच्या कंपनीच्या नावावर बसलेलं असतं. आमच्याकडे एक मोल्डर मामा होते. आधीच्या वर्कशॉपात त्यांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, आधारला वेगळं. दहा वर्षं त्यांनी पाहिलं नाही. निवृत्तीला पैसे मागायला गेले तर वर्कशॉप बंद पडलेलं, मालक वारलेला, दुरुस्तीच्या अर्जावर सही करायला कुणी नाही. मग राजपत्रित अधिकाऱ्याची सही, जुन्या पगाराच्या पावत्या, तीन वेळा फेटाळलेला अर्ज. मामा बाकड्यावर बसून प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक पावती काढून मला दाखवत होते. म्हणून सांगते, तुझ्या शिरोलीच्या ऑफिसात तुला ओळखणारी माणसं आहेत तोवर सगळं तपासून घे.

शेवटच्या दिवसाआधी पीएफच्या पोर्टलवर जाऊन तुझं नाव, जन्मतारीख आणि बाबांचं नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळतं का ते बघ. चूक असेल तर तिथल्या एचआरला आत्ताच सांग. चाकणला जॉइन होताना फॉर्म 11 देतील, त्यात हाच यूएएन लिही. नवा पगार झाला की View मध्ये Service History उघड. शिरोलीसमोर सोडल्याची तारीख दिसली पाहिजे, ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो. कंपनीला भरायला सांग. त्यांनी नाहीच भरली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी Manage मधल्या Mark Exit वर तुला स्वतःला भरता येते. तारीख टाकताना शेवटच्या पगाराच्या महिन्यातलीच टाक, ती बदलणं पुढे कटकटीचं होतं. मग Online Services मध्ये One Member - One EPF Account वर जाऊन अर्ज कर. 2025 च्या जानेवारीपासून आधार जोडलेलं आणि माहिती जुळणारी असेल तर बहुतेक वेळा कंपनीच्या मंजुरीशिवाय होतं. आपोआप होईल म्हणून बसून राहू नको, पैसे नव्या पासबुकात दिसेपर्यंत दर पंधरवड्याला बघ.

उद्या आजारपण आलं तर याच खात्यातून अॅडव्हान्स मिळतो, नोकरी चालू असताना. तेव्हा काढ, मी एक शब्द बोलणार नाही. गाडीसाठी मात्र नको. चाकणला कंपनीची बस आहे म्हणालास ना? वर्षभर तिने जा.

डिपॉझिटचं मी पाहते. माझी भिशी येत्या दहा तारखेला आहे, चाळीस हजार येतील. घरमालक किती मागतो आणि कधी द्यायचे ते कळव, म्हणजे तेवढे तुझ्या खात्यात टाकते. पगार सुरू झाला की महिन्याला तीन हजार मला परत करत जा, पुढच्या भिशीचा हप्ता त्यातून भरेन.

गावाकडून आंबेमोहोर आला आहे, पाच किलो बाजूला ठेवला आहे. निघताना घेऊन जा.

तुझी,
आई