फाटकावर एकटा आणि फाटकावर तिघे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुवारच्या अंकातला ‘मोकाट पोरे, हतबल पालक’ हा अग्रलेख वाचला आणि रात्रभर धुमसत राहिले. त्याच दिवशी पत्र लिहिणार होते, पण तेव्हा लिहिले असते तर आपण छापले नसते, म्हणून एक दिवस थांबले. आपल्या लेखणीबद्दल आदर आहे. मात्र ‘आजच्या पोरांना भीती उरली नाही’, ‘वाईट संगत’ आणि ‘मेंदू 25 व्या वर्षी पूर्ण होतो म्हणे, मग तोवर मतदानही नको’ ही तीन वाक्ये एकाच परिच्छेदात वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही. मी पीयूसीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आपण ज्या पोरांबद्दल लिहिले आहे, त्यांतला एक माझा आहे.

होय, टिळकवाडीतल्या रेल्वे फाटकावर श्रावणातल्या त्या संध्याकाळी घसरलेली स्कूटर आमची होती. वय 16, परवाना नाही, गाडीवर तिघे. किल्ली मीच दिली होती. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. हे मला माहीत होते. तेव्हा ‘हतबल पालक’ म्हणून सहानुभूती नको. मी हतबल नव्हते, आळशी होते. सकाळच्या कॉलेजला त्याला सोडायला उठायचा कंटाळा.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो दंड नव्हे, फाटकावरच्या गेटमनचे बोलणे. स्कूटर रुळाच्या खाचेत अडकून आडवी झाल्यावर त्यानेच धावत येऊन तिघांना बाजूला ओढले. आगगाडी यायला अजून दोन-तीन मिनिटे होती, एवढेच आमचे नशीब. सगळ्यात मागे बसलेल्या मुलाचे खांद्याजवळचे हाड मोडले. मी पोहोचले तेव्हा गेटमन म्हणाला, “ओ मॅडम, ह्योच पोरगा सकाळी एकटा येतोय की. घंटा वाजली की लगेच गाडी बंद करून गुमान थांबतोय बगा. मोठी माणसं वाकून खालनं जात्यात, ह्यो जात न्हाई. आज काय झालं ह्याला?”

हा प्रश्न आपल्या अग्रलेखात कुठेच नाही. तोच मुलगा, तीच गाडी, तेच फाटक. सकाळी थांबतो आणि संध्याकाळी खाली येणाऱ्या दांड्याखालून गाडी काढतो. भीती उरली नसती तर सकाळीही थांबला नसता.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच फरक तपासला. 2005 साली मार्गो गार्डनर यांच्याबरोबर त्यांनी 306 जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ खेळायला दिला. वयाचे तीन गट होते: 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या पुढचे. काही जण एकटे खेळले, काही जण आपल्याच वयाच्या दोघांच्या सोबतीने. मोठ्यांच्या खेळात सोबतीने काही फरक पडला नाही. मधल्या गटाचा धोका साधारण दीडपट झाला आणि किशोरांचा जवळजवळ दुप्पट.

पुढे 2011 मध्ये जेसन चाइन, स्टाइनबर्ग आणि मंडळींनी असाच खेळ मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून खेळवला. हा खेळ नीट सांगते, कारण तो आमच्या फाटकाची हुबेहूब नक्कल आहे. सरळ रस्ता, वाटेत 20 चौक. चौकाशी येता येता दिवा पिवळा होतो. ब्रेक लावलात तर साधारण 3 सेकंद वाया जातात. न थांबता सुटलात तर काहीच वाया जात नाही. आदळलात तर 6 सेकंद जातात. लवकर पोहोचलात तर पैसे जास्त. प्रत्येकाने आपले दोन मित्र बरोबर आणलेले. एकदा खेळ एकट्याने आणि एकदा मित्र शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत असताना. एकटे असताना 14 ते 18 वर्षांची मुले मोठ्यांइतकीच सांभाळून चालवत होती. मित्र बघताहेत हे कळल्यावर फक्त याच वयाच्या मुलांनी पिवळ्या दिव्यात जास्त गाड्या घातल्या. पैसे तेवढेच, सेकंद तेवढेच, रस्ता तोच.

मग बदलले काय? मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. खाणे, पैसा, शाबासकी, जे काही हवेसे वाटते त्याची किंमत ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो आणि त्याचा कारभार बराचसा डोपामाइनवर चालतो. मित्र बघत असताना किशोरांच्या स्ट्रायटमचा पुढचा-खालचा भाग एकदम जागा झाला, मोठ्यांचा झाला नाही. उलट कपाळामागचा जो भाग ‘थांब जरा’ म्हणतो, तो मोठ्यांमध्ये जास्त काम करत होता, पण मित्र असण्या-नसण्याने त्याच्यात फरक पडला नाही. याचा साधा अर्थ असा की मित्रांमुळे पोराची अक्कल कमी होत नाही, सुटून जाण्याची गोडी वाढते. धोक्याचे पारडे होते तेवढेच जड राहते, बक्षिसाच्या पारड्यात कुणीतरी मूठभर जास्त टाकते.

आता ‘वाईट संगत’. मोडलेल्या हाडाचा मुलगा दहावीला शाळेत दुसरा आला होता. गाडीवरचा दुसरा मित्र आमच्या समोरच्या घरातला, ज्याच्या आजीला मी आमच्या गणपतीला हक्काने मोदक करायला बोलावते. मी आमच्या चिरंजीवांना विचारले, “कुणी ‘घाल गाडी’ म्हणालं का?” म्हणाला, “नाही गं आई, कुणी काहीच म्हटलं नाही.” सुरुवातीला मला वाटले, मित्रांना पाठीशी घालतो आहे. नंतर लक्षात आले की प्रयोगातले मित्रही शेजारच्या खोलीत होते, खेळणाऱ्याच्या कानाशी बसून चिथावत नव्हते. नुसते बघणे पुरते. पोरगे किती वाईट मित्र निवडते याच्याशी त्याचा संबंध फार थोडा.

आणि ‘धोका कळत नाही’ म्हणाल, तर तेही नाही. शांत बसवून, कागद पुढे ठेवून विचारले तर 16 वर्षांचे मूल फायदा-तोटा जवळजवळ आपल्याइतकाच नीट मांडते. म्हणूनच अपघातानंतर कॉलेजात जे व्याख्यान झाले त्याचा मला राग आला. पाहुण्यांनी अपघातांचे फोटो दाखवले, ‘जीव अनमोल आहे’ सांगितले. पोरे मागच्या बाकांवर एकमेकांकडे बघून हसत होती. म्हणजे पाहुण्यांनी दीडशे मित्र एकत्र बसवून त्यांना मित्रांसमोर न वाहवण्याचा उपदेश केला.

त्या व्याख्यानाची पालकांना आलेली सूचना फक्त कन्नडमध्ये होती, हेही सांगूनच टाकते. माझ्या सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. शेवटी वाचून दाखवली कुणी, तर आमच्या चिरंजीवांनीच, कारण घरात सगळ्यात चांगले कन्नड त्याचे. ज्याच्याबद्दल तक्रार, तोच दुभाषी! फाटकाजवळच्या इशारा फलकाचीही तीच गत. मराठीत फलक हवा ही माझी मागणी कायम आहे. पण प्रामाणिकपणे सांगते, त्या संध्याकाळी तो तिन्ही भाषांत असता तरी गाडी तशीच गेली असती. वाचता न येणे हा त्याचा रोग नव्हता.

25 व्या वर्षाची थट्टा आपण केलीत. मेंदूत वाढदिवसाला चालू होणारे बटण नसते, हे खरे. बक्षिसाची ओढ वयात येताना झपाट्याने वाढते. लगाम धरणारा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत हळूहळू पक्का होत जातो, कुणाचा आधी, कुणाचा नंतर. मतदान माणूस दिवसचे दिवस विचार करून, पडद्याआड एकटा करतो. फाटक खाली येत असताना पाठीवर दोन मित्र असतात आणि हाताशी दोन सेकंद. दोन्ही निर्णय एकाच मापाने मोजायचे म्हणजे रव्याची चाळणी मक्याला लावण्यासारखे आहे.

वाचकांनी मला प्रयोगांची भगत समजू नये. संगणकावर आदळले तर 6 सेकंद जातात, रुळावर आदळले तर काय जाते ते मी जवळून पाहिले आहे. दोन्ही एक नव्हेत. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत परिणाम एवढा मोठा आलेला नाही, आणि मुलामुलांत फरक असतोच. पण रस्त्यावरची आकडेवारीही याच बाजूची आहे. अमेरिकेत 16-17 वर्षांच्या चालकांच्या मृत्यूचा धोका गाडीतले प्रवासी वाढतील तसा वाढतो असे दिसले. म्हणून तिथल्या बहुतेक राज्यांत नव्या चालकाला सुरुवातीचे काही महिने बरोबर समवयस्क किती घ्यायचे यावर मर्यादा आहे. मुलाला सुधारण्याची वाट न बघता गाडीवरची डोकी मोजणारा हा नियम आहे.

आपल्याकडे ट्रिपल सीट हा गुन्हा आहेच, पण पावती फाडण्यापुरता. 18 वर्षांचा मुलगा परवाना घेऊन पहिल्याच दिवशी मागे मित्र बसवून निघतो तेव्हा तर सगळे कायदेशीरच असते. माझ्या घरात आता नियम असा आहे: 18 पर्यंत किल्ली नाही, आणि त्यानंतरचे पहिले वर्ष गाडीवर एकटा. त्याने वाद घातला, “मग मित्रांबरोबर जायचं कसं?” मी म्हटले, बसने.

आणि इथे मी तोंडावर आपटले. त्यांची ट्यूशन संध्याकाळी सव्वासातला सुटते. अनगोळकडे यायला सोयीची बस पावणेसातला जाते आणि त्यानंतरची कधी येईल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. तिघांत एक स्कूटर ही कल्पना पोरांच्या स्ट्रायटमने नव्हे, या वेळापत्रकाने जन्माला घातली. सव्वासात ते आठ या वेळेत एक बस सोडा, असा अर्ज मी दोनदा दिला. पोच मिळाली, बस नाही.

मागच्या वेळी पथदिव्यांवरचे माझे पत्र आपण अर्धे कापले होते. याही वेळी जागा कमी पडली तर मेंदूचा भाग कापा, बसचा राहू द्या.

आपली,
एक प्राध्यापिका व पालक
अनगोळ, बेळगाव